दोन बरण्या, दोन तापमापक : हरितगृह परिणामाचा पाठ व ओझोनविषयीचा गोंधळ

इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना पृथ्वी का तापत आहे असे विचारले, तर वर्गातील निम्मी मुले एकच उत्तर देतात : ओझोनच्या थराला भोक पडले आहे, त्यातून सूर्याची उष्णता आत शिरते, म्हणून उन्हाळा वाढला. उत्तर देताना मुलांच्या चेहऱ्यावर कोठेही शंका नसते. छतास भोक पडले की ऊन आत येते, हे त्यांनी आपल्या घरी पाहिलेले असते. चुकीची समजूत अनुभवाच्या आधाराने उभी असल्यामुळे ती नुसते 'चूक' म्हणून पुसता येत नाही. तिच्या जागी दुसरा अनुभव ठेवावा लागतो. दोन बरण्यांचा प्रयोग त्यासाठीच आहे. मात्र हा प्रयोग जितका सोपा दिसतो तितकाच फसवा आहे, आणि त्याचा बराचसा लेखनप्रपंच त्या फसवेपणासाठीच करावा लागत आहे.

औंध व खटाव तालुक्याच्या परिसरातील शाळांना या पाठास लागणारी दोन साधने आयती लाभली आहेत. एक म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधील निरभ्र, कोरडे ऊन. आणि दुसरे म्हणजे हिवाळ्यातील तशीच निरभ्र, कोरडी रात्र. पहिल्याचा उपयोग सर्व शिक्षक करतात. दुसऱ्याचा उपयोग फार थोडे करतात, आणि खरे पाहता हरितगृह परिणाम त्या दुसऱ्यातच अधिक स्पष्ट दिसतो.

साहित्य व मांडणी

एकाच मापाच्या, रुंद तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या घ्याव्यात. लोणच्याच्या एक लिटरच्या बरण्या उत्तम. प्रत्येकीच्या तळाशी दोन मुठी कोरडी काळी माती सारखी पसरावी. माती ओली असता कामा नये. ओल्या मातीतून पाणी उडून जाते, उडताना उष्णता घेऊन जाते, आणि उघड्या बरणीत हे अधिक वेगाने घडत असल्यामुळे दोन बरण्यांतील फरकाचे कारण एक न राहता दोन होतात.

तापमापक प्रयोगशाळेतील घ्यावेत. शून्य ते शंभर अंशांपर्यंत खुणा असलेले व आत रंगीत द्रव असलेले. दवाखान्यातील ताप मोजण्याचा काचेचा तापमापक कदापि वापरू नये. त्यावर पस्तीस ते बेचाळीस एवढ्याच अंशांच्या खुणा असतात, एकदा चढलेला पारा झटकल्यावाचून उतरत नाही, आणि उन्हात तो फुटून पारा सांडण्याची भीती असते.

प्रयोगापूर्वी दोन्ही तापमापक एकाच भांड्यातील पाण्यात दहा मिनिटे एकत्र उभे करावेत. दोघांनी एकच अंश दाखवावयास हवा. पुष्कळदा अर्ध्या किंवा एका अंशाचा फरक आढळतो. तेवढ्याने तापमापक टाकून देऊ नये. फरक फळ्यावर लिहून ठेवावा आणि पुढील प्रत्येक नोंदीत तो वजा करावा. हे काम मुलांकडून करवून घेण्यासारखे आहे, कारण मोजणाऱ्या साधनाचीही आधी परीक्षा करावयाची असते हे त्यांना येथे प्रथमच कळते.

आता तापमापक बरणीत अशा रीतीने उभे करावेत की दोघांचे फुगे मातीपासून दोन बोटे उंच, सारख्याच उंचीवर राहतील. उघड्या बरणीत तोंडावर आडवी काडी ठेवून तापमापक तिला दोऱ्याने बांधावा. दुसऱ्या बरणीचे तोंड पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाने झाकून दोऱ्याने घट्ट आवळावे. तापमापक उंच असल्यास कागदास बारीक भोक पाडून तो वर काढावा व भोवतालची फट चिकटपट्टीने बंद करावी. फुग्यावर थेट ऊन पडल्यास तापमापक हवेचे तापमान न दाखविता स्वतःच्या तापण्याचे दाखवितो. म्हणून दोन्ही फुग्यांच्या उन्हाकडील बाजूस पांढऱ्या पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा आडोसा म्हणून लावावा.

सकाळी अकराच्या सुमारास बरण्या पटांगणात, एकमेकींची सावली एकमेकींवर न पडेल अशा बेताने ठेवाव्यात, आणि दर तीन मिनिटांनी अर्धा तास नोंदी घ्याव्यात. नंतर दोन्ही बरण्या वर्गात सावलीत आणून आणखी दहा मिनिटे नोंदी चालू ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी झाकण उघडीवर व उघडे तोंड झाकलेलीवर अशी अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करावा. फरक झाकणाबरोबर सरकला तर तो झाकणाचा. बरणीबरोबर राहिला तर तो बरणीचा किंवा तापमापकाचा.

नोंदी कशा दिसतील याची कल्पना यावी म्हणून काही आकडे घेऊ. हे आकडे केवळ नमुन्यादाखल कल्पिलेले आहेत. प्रत्येक शाळेचे निराळे येतील. समजा, आरंभी दोन्ही तापमापक 29 अंश दाखवितात. अर्ध्या तासाने उघड्या बरणीत 38 व झाकलेल्या बरणीत 47 अंश झाले. सावलीत आणल्यावर दहा मिनिटांत उघडी 33 वर व झाकलेली 39 वर उतरली. पहिल्या पाचसहा नोंदींत दोन्ही बरण्या भराभर चढतात. मग उघडी आधी थांबते व झाकलेली पुढे चढत राहते. उघडी का थांबली, हा या पाठातील पहिला खरा प्रश्न होय. ऊन तर दोघींवर सारखेच पडत आहे. उघडी थांबली याचा अर्थ तिच्यात जितकी उष्णता येते तितकीच बाहेर जाऊ लागली. झाकलेलीतून जाण्याची वाट अडली असल्यामुळे तिला तोच मेळ बसण्यासाठी अधिक तापावे लागते. येणे व जाणे यांचा हा मेळ मुलांच्या ध्यानी आला की अर्धा पाठ झाला असे समजावे.

बरणी काय दाखविते, आणि काय दाखवीत नाही

येथे शिक्षकाने थांबावे. बहुतेक पुस्तके येथपर्यंत येऊन लगेच म्हणतात की झाकण म्हणजे कार्बन डायऑक्साइड व बरणी म्हणजे पृथ्वी. हे उपमेपुरते चालेल. पुरावा म्हणून चालणार नाही.

झाकलेल्या बरणीतील वाट अडली ती मुख्यतः कशाची? तापलेल्या मातीने हवा तापविली, तापलेली हवा हलकी होऊन वर निघाली, आणि झाकणाने तिला बाहेर जाऊ दिले नाही. उघड्या बरणीतून ती निघून गेली व गार हवा आत आली. हे हवेचे अभिसरण अडविण्याचे काम आहे. आपल्या भागात ज्यांच्या शेतात पॉलीहाऊस आहे, त्या घरची मुले हे शिक्षकापेक्षा चांगले सांगतील. दुपारी आत फार उकडू लागले की शेतकरी छताचे प्लॅस्टिक काढीत नाही. बाजूचे पडदे गुंडाळतो. वारा खेळू लागताच आतील उकाडा उतरतो, छत मात्र जागच्या जागीच असते. छताने किरण अडविल्यामुळेच आत उष्णता साठत असती, तर पडदे गुंडाळून काय साधले असते?

हीच शंका 1909 साली अमेरिकेतील पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांनी प्रयोगास लावली. त्यांनी दोन काळ्या पेट्या घेतल्या. एकीवर काच बसविली. दुसरीवर सैंधवाच्या खड्याची पारदर्शक पट्टी बसविली. काच तापलेल्या वस्तूंकडून येणारे उष्णतेचे किरण अडविते. सैंधव ते आरपार जाऊ देते. काचेने किरण अडविल्यामुळेच पेटी तापत असेल, तर सैंधवाची पेटी बरीच गार राहावयास हवी होती. सूर्यप्रकाश आधी काचेतून गाळून घेतल्यावर दोन्ही पेट्या सुमारे पंचावन्न अंशांपर्यंत तापल्या, आणि त्यांच्यात जेमतेम एका अंशाचा फरक उरला. सैंधवाची पट्टी शाळेस मिळणार नाही. परंतु पातळ पॉलिथीनची पिशवी मिळेल, आणि तीही उष्णतेचे किरण पुष्कळसे जाऊ देते. बुटांची दोन खोकी आतून काळी करून एकावर काच व दुसऱ्यावर पॉलिथीन लावले, तर वुड यांच्या प्रयोगाची गावठी आवृत्ती होते. येथे बरण्या वापरू नयेत, कारण त्यांच्या भिंतीच काचेच्या असतात.

काही शिक्षक एक पाऊल पुढे जाऊन एका बंद बरणीत खाण्याचा सोडा व लिंबूरस यांपासून निघालेला कार्बन डायऑक्साइड भरतात व दुसरीत साधी हवा ठेवतात. वायूची बरणी एकदोन अंश अधिक तापली की टाळ्या होतात. या टाळ्यांविषयी थोडे सावध राहावे. 2010 साली अमेरिकेतील भौतिकशास्त्राच्या अध्यापकांच्या एका नियतकालिकात हा प्रयोग तपासलेला आहे. तेथे कार्बन डायऑक्साइडच्या जागी आरगॉन हा वायू भरून पाहिला. आरगॉन उष्णतेचे किरण मुळीच शोषीत नाही, पण हवेपेक्षा जड आहे. आणि त्याच्याही भांड्यात तापमान तसेच वाढले. जड वायू तळाशी साचून राहतो, वरील हवेत सहज मिसळत नाही, म्हणून भांडे तापते. निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचे, असा हा प्रकार आहे.

दोन भांडी व तापमापक यांचा पहिला मान एका स्त्रीकडे जातो, हेही मुलांना सांगावे. युनिस फूट यांनी 1856 साली चार इंच व्यासाची व तीस इंच लांबीची काचेची नळकांडी उन्हात ठेवून त्यांत निरनिराळे वायू भरले. साध्या हवेचे नळकांडे 106 अंश फॅरनहाइटपर्यंत, तर कार्बन डायऑक्साइडचे 125 अंशांपर्यंत चढले. म्हणजे सुमारे 41 व 52 अंश सेल्सिअस. अशा वायूचे वातावरण असल्यास पृथ्वी अधिक उष्ण राहील, असे त्यांनी त्याच वेळी लिहिले. परंतु सूर्याचे किरण आणि तापलेल्या जमिनीचे किरण यांचा वेगळा विचार त्यांच्या नळकांड्यांतून होऊ शकत नव्हता. तो 1859 पासून लंडन येथे जॉन टिंडॉल यांनी केला. त्यांनी सूर्य दूर ठेवून, अदृश्य उष्णताकिरण देणाऱ्या तापलेल्या वस्तूपुढे वायूची नळी धरली आणि कोणता वायू ते किरण किती शोषतो हे मोजले. नायट्रोजन व ऑक्सिजन यांनी जवळजवळ काहीच शोषले नाही. पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड यांनी शोषले.

हरितगृह परिणाम तो हाच. सूर्याचा प्रकाश हवेतून बव्हंशी खाली येतो व जमीन तापवितो. तापलेली जमीन अदृश्य उष्णताकिरण वर सोडते. हवेतील वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू त्यांतील बरेच किरण शोषतात, स्वतः तापतात आणि पुन्हा चोहोकडे किरण सोडतात. त्यांतले काही खाली परत येतात. जमिनीला अशा रीतीने सूर्याकडून व आकाशाकडून, असे दोन्हीकडून मिळते. हे वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली 18 अंश असते. ते शून्यावर सुमारे 15 अंश आहे. चिंता आहे ती या वायूंच्या वाढीची. सन 1750 च्या सुमारास हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. ते आता 420 च्या वर गेले आहेत.

रात्रीची कृती

आकाशाकडून उष्णता परत येते, हे डोळ्यांना कसे दाखवावे? त्यासाठी डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र रात्र घ्यावी. अंगणात वाळलेल्या गवतावर दोन सारखी स्टीलची ताटे ठेवावीत. एक उघड्या आभाळाखाली, दुसरे जवळच एखाद्या बाजेखाली. प्रत्येक ताटावर एकेक तापमापक आडवा ठेवावा. पहाटे सूर्य उगवण्यापूर्वी पाहिल्यास उघड्या ताटावर दव आढळेल व त्याचा तापमापक बाजेखालच्या तापमापकापेक्षा खाली असेल. वारा वाहत असल्यास फरक दिसत नाही. अशा रात्री प्रयोग पुढे ढकलावा.

येथे आपली भाषा आड येते. आपण 'दव पडले' असे म्हणतो, तेव्हा मुले म्हणणार की बाजेने वरून पडणारे दव अडविले. दव वरून पडत नाही. गार झालेल्या ताटावर भोवतालच्या हवेतील वाफ जमते. म्हणून दवापेक्षा तापमापकाच्या नोंदीवर भर द्यावा. दोन्ही ताटांभोवती हवा एकच आहे. फरक एवढाच की एकाच्या वर थंड आभाळ आहे व दुसऱ्याच्या वर त्या मानाने उबदार बाज, जी ताटाकडे आपले उष्णताकिरण पाठविते. आता हाच प्रयोग ढगाळ रात्री करावा. उघडे ताट त्या रात्री फारसे गार होणार नाही. बाजेचे काम ढगांनी केलेले असेल. अभ्र आले की थंडी उतरते, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात ठाऊक असते. ढग व वाफ जे ठळकपणे करतात, तेच कार्बन डायऑक्साइड निरभ्र रात्रीही, न दिसता करीत असतो.

ओझोन वेगळा कसा करावा

रात्रीची ही कृती झाल्यावरच ओझोनचे नाव काढावे. आधी काढू नये. ओझोनचे काम सूर्य असताना चालते. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणारा व डोळ्यांस मोतीबिंदूसारखे विकार जडविणारा भाग तो वरच्या वर शोषून घेतो. सूर्य मावळला की अडविण्यास काही उरत नाही. हरितगृह परिणाम मात्र रात्रभर चालू असतो. ताटांनी तो दाखविला. एक छत्री, दुसरी गोधडी. उन्हातली छत्री रात्री मिटून ठेवतात. गोधडी रात्रीच कामाची असते. ही उपमा औंधच्या मुलास समजावून सांगावी लागत नाही.

यानंतर उंची सांगावी. ओझोन सुमारे पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात विखुरलेला आहे. औंधहून साताऱ्यास जाणारी वाट सरळ आकाशात उभी केली, तर तिच्या साधारण अर्ध्यावर तो सर्वांत दाट सापडेल. तो तेथेही अगदी विरळच असतो. सगळा ओझोन जमिनीवर आणून पसरला तर त्याची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. ही चादर वगैरे काही नाही, हे यावरून मुलांना कळते. हरितगृह वायू याउलट जमिनीपासूनच्या हवेत मिसळलेले आहेत. आपण श्वास घेतो त्यातही ते असतात.

मग ते भोक? ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1985 साली प्रसिद्ध केले की दक्षिण ध्रुवावरील अंटार्क्टिका खंडावर दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास ओझोन अत्यंत विरळ होतो. त्यास छिद्र म्हणतात. वास्तविक ते विरळपण आहे. शीतकपाटांत व फवारणीच्या डब्यांत वापरलेले क्लोरीनयुक्त कृत्रिम वायू हे त्याचे कारण होते. आपल्या महाराष्ट्रावर असे कोणतेही छिद्र नाही. म्हणून खटावचा उन्हाळा त्याच्या माथी मारता येणार नाही.

मुलांची मुख्य शंका तरीही राहतेच : विरळ भागातून अधिक किरण आत येतात ना, मग जमीन तापणार नाही काय? शंका योग्य आहे व तिचे उत्तर हिशेबाने द्यावे. सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा शेकडा दहाहूनही कमी आहे, आणि ओझोन अडवितो तो त्यातीलही एक भागच. तो भाग थोडा वाढल्याने त्वचा जळू शकते, कारण ते किरण जात्याच तिखट आहेत; पण त्याने जमीन फारशी तापत नाही. मिरचीने तोंड पोळते म्हणून मिरचीने पाणी उकळत नाही, असे मी वर्गात सांगत असे. उलट ओझोन स्वतः ते किरण शोषून तेथील उंच हवा तापवीत असतो. तो कमी झाल्यावर ती हवा गार होते.

सर्वांत पटणारा पुरावा काळाचा आहे. ओझोन नष्ट करणारे वायू बंद करण्याचा करार 1987 साली मॉन्ट्रिअल येथे झाला. भारत त्यात 1992 साली सामील झाला, आणि 2010 पर्यंत जगभर त्या मुख्य वायूंचे उत्पादन थांबले. ओझोन तेव्हापासून हळूहळू भरून येत आहे. त्याच काळात पृथ्वीचे तापमान मात्र वाढतच राहिले. छिद्रामुळेच पृथ्वी तापत असती, तर छिद्र भरू लागल्यावर ती निवू लागावयास हवी होती. फळ्यावर दोन रेघा काढाव्यात, एक ओझोनची सावरणारी व एक तापमानाची चढणारी, आणि मुलांनाच बोलू द्यावे.

हुशार मुलास दोन गोष्टी सांगण्यास हरकत नाही, परंतु त्या शेवटी. ओझोन नष्ट करणारे ते कृत्रिम वायू स्वतः जबर हरितगृह वायूही होते. आणि ओझोन हाही थोड्या प्रमाणात उष्णताकिरण शोषतो. दोन विषयांचा संबंध तेवढाच आहे. संबंध असणे व एकच असणे यांतील भेद आठवीच्या मुलास कळतो.

पाठ समजला की नाही हे पाहण्यासाठी व्याख्या विचारू नयेत. त्या पाठ होतात. पुढील दोन प्रश्न लेखी द्यावेत. पहिला : उद्या सर्व ओझोन नाहीसा झाला व बाकी हवा तशीच राहिली, तर यमाईच्या डोंगरावर दुपारी उघड्या अंगाने सूर्यनमस्कार घालणाऱ्यास काय होईल, आणि त्याच डोंगरावर पहाटेच्या थंडीत कितपत फरक पडेल? दुसरा : उद्या हवेतील सर्व वाफ व कार्बन डायऑक्साइड नाहीसा झाला, तर त्याच दोन वेळी काय होईल? पहिल्यात दुपारचे नाव व दुसऱ्यात पहाटेचे नाव ज्या मुलाने आधी घेतले, त्याच्यापुरता हा पाठ पुन्हा घेण्याचे कारण नाही.